फिजिओथेरपी क्लिनिकच्या अपॉइंटमेंटसाठी पीडब्ल्यूए करू की प्ले स्टोअरचं ॲप? (नागपूर)

धंतोली_कोडर | मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी, एकटाच काम करतो, मागे कंपनी वगैरे नाही. धंतोलीतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचं काम आलंय. दोन डॉक्टर, तीन टेबलं, त्यातलं ट्रॅक्शनचं टेबल एकच. सिटिंग ४० मिनिटांची. दिवसाला पंचवीस-तीस पेशंट. सध्या सगळं रजिस्टरवर चालतं. फोन आला की रिसेप्शनवाल्या ताई पेन्सिलनं नाव लिहितात, वेळ बदलली की खोडतात. ट्रॅक्शनला एकाच वेळी दोघं येऊन बसल्याचे प्रकार आठवड्यातून एकदा तरी होतात. आणि संध्याकाळच्या वेळा घेऊन न येणारे वेगळेच.

मी ब्राउझरमध्ये चालणारं बुकिंग अर्धंअधिक लिहिलंय. त्यालाच मॅनिफेस्ट आणि सर्व्हिस वर्कर लावून पीडब्ल्यूए करावं असा माझा विचार. मॅडमचं म्हणणं, "शेजारच्यांचं ॲप आहे, आपलंही प्ले स्टोअरवर दिसलं पाहिजे." बजेट साधारण साठ हजार, त्यात पुढच्या वर्षभराची देखभाल धरलेली.

मुख्य गरज आदल्या संध्याकाळच्या आठवणीची आहे. पीडब्ल्यूएवर ती भरवशानं जाते का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

---

संत्रा_बर्फी | मंगळवार, रात्री ९:४०

भाऊ, कायले डोकं लावून राहिला? सरळ ॲप बनव. पीडब्ल्यूए म्हणजे शेवटी वेबसाइटच, वरून आयकॉन चिकटवला इतकंच. आयफोनवर तर नोटिफिकेशन येतच नाही. मी आमच्या मंगल कार्यालयासाठी पाहिलं होतं तेव्हाच समजलं, मग तो नाद सोडला. आणि ॲप असलं की मालकाले पण वाटते आपलं काहीतरी आहे म्हणून.

---

सावजी_स्टॅक | मंगळवार, रात्री १०:२५

संत्रा_बर्फी, तुम्ही २०२३ च्या आधी पाहिलं असेल तर तेव्हा ते खरंच होतं. मार्च २०२३ मध्ये आयओएस १६.४ आलं आणि वेब पुश आयफोनवर सुरू झालं. पण अट अशी की पेशंटनं आधी साइट होम स्क्रीनवर टाकायची, मग त्या आयकॉनमधून उघडायची, आणि तिथे एखादं बटण दाबल्यावरच परवानगीची चौकट येते. नुसत्या सफारीच्या टॅबमध्ये काही होत नाही. म्हणजे तुमचं वाक्य चुकीचं असलं तरी धंदेवाईक निष्कर्ष फारसा चुकत नाही. गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या साठीच्या बाईंना "शेअरचं चिन्ह दाबा, खाली सरका, होम स्क्रीनवर टाका" हे कोण समजावणार?

अँड्रॉइडवर हा त्रास नाही. क्रोममध्ये आयकॉन न टाकताही वेब पुश चालतो.

धंतोली_कोडर, मला एक सांगा. एक पेशंट तुमच्याकडे किती वेळा येतो, किती दिवसांत, आणि पहिल्यांदा कुठून येतो? हे कळल्याशिवाय ॲप की पीडब्ल्यूए यावर बोलण्यात अर्थ नाही.

---

धंतोली_कोडर | मंगळवार, रात्री १०:५१

बहुतेकांना दहा सिटिंगचा कोर्स. तीन-चार आठवड्यांत संपतो, मग माणूस गायब. परत आला तर वर्षा-दोन वर्षांनी, तेही दुसरा खांदा धरला म्हणून. पहिल्यांदा येतात ते हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन किंवा फोन करून. काउंटरवर क्यूआर लावायचा विचार आहे. कामठी, हिंगणा, उमरेड रोडकडून येणारेही बरेच आहेत.

---

सावजी_स्टॅक | मंगळवार, रात्री ११:१८

मग तुमचं उत्तर अर्धं इथेच आहे. पेशंट महिनाभराचा पाहुणा आहे.

पहिल्या बुकिंगचा रस्ता दोन्हीकडून चालून बघा. लिंक असेल तर क्यूआर मारला, पान उघडलं, नंबर टाकला, ओटीपी आला, वेळ निवडली, झालं. ॲप असेल तर क्यूआर मारला, प्ले स्टोअर उघडलं, तिथे कुणाला गुगलचा पासवर्ड आठवत नाही, कुणाच्या फोनमध्ये जागा नाही, कुणी "घरी वायफायवर घेतो" म्हणतं आणि घेत नाही. जो पोचला त्यालाही पुढे नंबर, ओटीपी आणि वेळ आहेच. म्हणजे सगळा जास्तीचा रस्ता बुकिंगच्या आधीच येतो, आणि तो रस्ता माणसाला दहा भेटींसाठी चालायचाय. बँकेचं ॲप माणूस वर्षानुवर्षं वापरतो म्हणून ही खटपट करतो. तुमच्यासाठी करणार नाही.

एक सूचना. इन्स्टाग्रामवरून लिंक देणार असाल तर तिथल्या आतल्या ब्राउझरमध्ये ना आयकॉन टाकता येतो, ना पुश मिळतो. तिथे फक्त बुकिंग होऊ द्या, बाकी काही मागू नका. आणि पान उघडताक्षणी नोटिफिकेशनची परवानगी मागायचीच नाही. लोक सवयीनं नकार देतात, आणि एकदा नाकारली की सेटिंगमध्ये शिरून ती चालू करणारा पेशंट मी अजून पाहिलेला नाही. बुकिंग पक्कं झाल्यावर "आदल्या दिवशी आठवण करू का?" असं आपलं साधं बटण दाखवा. त्यानं "हो" दाबल्यावर खरी चौकट उघडा.

---

फुटाळा_फ्लटर | बुधवार, सकाळी ८:०५

मी ॲपच करतो, त्यामुळे माझं मत वाकडं धरा. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ॲप फोनमध्येच अलार्म लावून ठेवू शकतं. बुकिंग झालं की उद्या संध्याकाळी सातची सूचना फोनमध्ये नोंदवली, मग नेट असो नसो, सर्व्हर चालू असो नसो. पीडब्ल्यूएला हे जमत नाही. क्रोमनं वेळ ठरवून सूचना दाखवण्याचा प्रयोग केला होता, तो सोडून दिला. तिथे प्रत्येक आठवण सर्व्हरवरूनच ढकलावी लागते.

---

सावजी_स्टॅक | बुधवार, सकाळी ९:३०

हे बरोबर आहे, आणि ॲपचा हा खरा फायदा आहे. पण या क्लिनिकला तो लागतो का ते बघा. पेशंट वेळ बदलतो ती फोन करून, ताईंकडे. ताईंनी सहाची सिटिंग सकाळी दहाला हलवली, तरी फोनमधल्या अलार्मला ते कळत नाही. कळवायचं तर सर्व्हरवरून निरोप धाडून ॲप जागं करायला हवं, म्हणजे परत पुशच आला. चुकीच्या वेळेची आठवण ही आठवण न येण्यापेक्षा वाईट. माणूस ठरल्या वेळी येतो, टेबल दुसऱ्याकडे असतं, आणि मग काउंटरवर आवाज चढतात. औषधाच्या गोळीची वेळ फोन स्वतः ठरवतो, तिथे तुमचा अलार्म उत्तम. इथे वेळ काउंटर ठरवतं.

आणि अँड्रॉइड १३ पासून ॲपलाही नोटिफिकेशनची परवानगी मागावीच लागते. शिवाय काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःच काढून घेतं. दीड वर्षानं दुसरा खांदा घेऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये तुमचं ॲप असलं तरी मुकं झालेलं असेल.

---

फुटाळा_फ्लटर | बुधवार, सकाळी ९:५२

वेळ बदलण्याचा मुद्दा मान्य. पण काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागची कामं मारतात, तेव्हा वेब पुशचं काय होतं तेही सांगा. तो क्रोमच्या जिवावर येतो. क्रोमलाच झोपवलं तर?

---

सावजी_स्टॅक | बुधवार, सकाळी १०:१०

तर सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. ॲपचीही त्या फोनवर तीच गत. म्हणूनच मी म्हणेन की आठवण पुशवर टांगूच नका. पुश आला तर बोनस समजा, पक्की आठवण एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर. आणि एकदा हे मान्य केलं की ॲप घेण्याचं सगळ्यात मोठं कारणच उरत नाही.

---

मेडिकल_चौक_काका | बुधवार, सकाळी ११:३३

चांगली चर्चा. मला विचारायचं होतं, या ॲपवर नंबर लावला तर सरकारी दवाखान्यात पण चालतो का? माझी कंबर धरली आहे. सकाळी सहाला जाऊन चिठ्ठी काढावी लागते. माझ्या फोनमध्ये जागा नाही, नातवानं गेम टाकून ठेवले आहेत.

---

संत्रा_बर्फी | बुधवार, सकाळी ११:४१

काका, हे एका खाजगी क्लिनिकचं आहे. सरकारी दवाखान्याशी याचा संबंध नाही. पण तुमच्या फोनच्या जागेचा मुद्दा सावजीच्या कामाचा आहे.

---

सदर_सलोन | बुधवार, दुपारी ३:१५

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. सदरला माझं सलोन. गिऱ्हाईक महिन्याला एकदा, पण तेच गिऱ्हाईक सहा-सहा वर्षं. तीन वर्षांपूर्वी ॲप बनवून घेतलं. पहिल्या महिन्यात खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचा फोन हातात घेऊन पोरांनी टाकून दिलं. दिवाळीपर्यंत बऱ्याच जणांनी काढून टाकलं होतं. जे उरले ते मात्र पक्के. त्यांना त्यांचाच कारागीर लागतो, आणि त्याची रविवारची वेळ ते ॲपमधूनच धरतात. म्हणजे ॲप वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

वाया गेली ती देखभाल. बनवणाऱ्यानं स्वतःच्या खात्यावरून प्ले स्टोअरवर चढवलं होतं. तो नोकरी लागून पुण्याला गेला. नवीन अँड्रॉइडसाठी दरवर्षी ॲप वर न्यावं लागतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता नवा फोन घेतलेल्या गिऱ्हाइकाला माझं ॲप सापडत नाही, आणि खात्याची किल्ली माझ्याकडे नाही.

आठवणीचं म्हणाल तर माझी मुलगी रोज संध्याकाळी यादी उघडते. प्रत्येक नावापुढे हिरवं बटण आहे. ते दाबलं की व्हॉट्सॲपमध्ये त्या माणसाची खिडकी निरोपासकट उघडते. तिनं फक्त पाठवायचं. वीस जणांना पाच-सात मिनिटं. फुकट.

---

सावजी_स्टॅक | बुधवार, दुपारी ४:०२

सदर_सलोन, ही पोस्ट सगळ्या ॲपवाल्यांना वाचायला द्या. धंतोली_कोडर, पुढेमागे प्ले स्टोअरवर गेलात तरी खातं मॅडमच्या नावानं उघडा. २५ डॉलर एकदाच लागतात. ॲपलचे दरवर्षी ९९.

आणि ते हिरवं बटण तुम्हीही लावा. इतकंच आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=उद्या%20सायं.%205:20%20ची%20सिटिंग
```

पंचवीस-तीस पेशंटांना हे पुरतं. आपोआप जायला हवं असेल तर व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयवर टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं आणि निरोपामागे पैसे पडतात. एसएमएसला डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा, तिन्हींची नोंदणी लागते. पाठवलेला मजकूर साच्याशी जुळला नाही तर निरोप मधेच गळतो आणि पेशंटला काही कळत नाही. ओटीपीसाठी तुम्हाला हे करावंच लागणार, तेव्हा आठवणीचा साचाही त्याच वेळी टाकून ठेवा.

---

काउंटर_नंबर_दोन | बुधवार, रात्री ८:२०

मी एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. सगळे पेशंटच्या फोनबद्दल बोलत आहेत, माझ्याबद्दल कोणीच नाही. आमच्याकडे ऑनलाइन बुकिंग आलं तेव्हा पेशंटला छान ॲप दिलं आणि मला ब्राउझरचा एक टॅब. तो टॅब बिलाच्या आणि मेलच्या टॅबमध्ये हरवायचा. नवीन बुकिंग आलेलं मला दिसायचं नाही, मी फोनवर तीच वेळ दुसऱ्याला द्यायची. डॉक्टर माझ्यावर चिडायचे.

अजूनही निम्मे पेशंट फोनच करतात. म्हणजे दिवसाला सगळ्यात जास्त बुकिंग मीच करते. चांगलं काही बनवायचं तर आधी त्या ताईंसाठी बनवा.

---

धंतोली_कोडर | बुधवार, रात्री ९:०५

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काउंटरवर एक टॅब्लेट आहे, सध्या त्यावर गाणी लागतात.

---

सावजी_स्टॅक | बुधवार, रात्री ९:४४

मग इन्स्टॉल तिथे करा. पेशंटला लिंक, काउंटरला आयकॉन. कोड एकच, फक्त लॉगिन वेगळं. टॅब्लेटवर क्रोममधून एकदा टाकलं की ते वेगळ्या खिडकीत उघडतं, टॅबमध्ये हरवत नाही. नवीन बुकिंगची सूचना आवाजासकट येते. आणि ते इन्स्टॉल तुम्ही स्वतः करणार आहात, साठीच्या बाईंना समजवायचं नाही.

---

धंतोली_कोडर | पुढचा सोमवार, दुपारी १:१०

प्रगती आणि एक गोंधळ, दोन्ही सांगतो. शनिवारी चाचणी म्हणून आठ पेशंटना लिंक दिली. ट्रॅक्शनची ५:२० दोघांना मिळाली! दोघांच्याही फोनवर "पक्कं" असं दिसलं. ज्या त्रासासाठी हे सगळं करतोय तोच त्रास मी संगणकावर आणून दाखवला. मॅडम काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

सर्व्हिस वर्कर एका तयार नमुन्यावरून घेतलाय. आधी कॅशमधलं दाखवतो, मागून ताजं आणतो. वेळ रिकामी आहे का ते मी बुकिंगच्या आधी सर्व्हरवर तपासतोच, तरी असं कसं झालं?

---

फुटाळा_फ्लटर | सोमवार, दुपारी १:२५

बघा, ॲप केलं असतं तर असं झालं नसतं.

---

सावजी_स्टॅक | सोमवार, दुपारी २:०८

ॲपमध्येही झालं असतं. यात दोन वेगळ्या चुका एकमेकींवर बसल्यात.

पहिली फोनमधली. तुमचा सर्व्हिस वर्कर रिकाम्या वेळांची यादीसुद्धा कॅशमधून देतोय. पेशंटनं सकाळी पान उघडलं होतं, संध्याकाळी परत उघडलं, तर त्याला आधी सकाळचीच यादी दिसते. खात्री करायची असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पान उघडा. वेळा दिसल्या तर त्या शिळ्या आहेत. पानाचा सांगाडा, चिन्हं, फॉन्ट खुशाल कॅशमध्ये ठेवा, पण वेळांना हात लावू देऊ नका:

```js
self.addEventListener('fetch', (e) => {
  const u = new URL(e.request.url);
  if (u.pathname.startsWith('/api/')) return;
  e.respondWith(
    caches.match(e.request).then((r) => r || fetch(e.request))
  );
});
```

`return` झालं की ती मागणी नेहमीच्या वाटेनं नेटवर जाते. सर्व्हरच्या उत्तरावर `Cache-Control: no-store` पण लावा.

पण शिळी यादी दिसणं हा गुन्हा नाही. ताजी यादीसुद्धा दहा सेकंदांत शिळी होते. वाचवायला सर्व्हर हवा होता, आणि तिथेच तुमची दुसरी चूक आहे. तुम्ही आधी विचारता "रिकामं आहे का?" आणि मग लिहिता. दोघांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही "हो" मिळतं, मग दोघंही लिहितात. हे विचारणं डेटाबेसवर सोपवा. पोस्टग्रेस असेल तर:

```sql
CREATE UNIQUE INDEX ek_table_ek_vel
ON appointments (table_id, starts_at)
WHERE status = 'booked';
```

आता दुसरं बुकिंग लिहिताना डेटाबेस नकार देईल. तो नकार पकडून पेशंटला सांगा, "ही वेळ आत्ताच गेली, या तीन रिकाम्या आहेत." शेवटच्या ओळीमुळे रद्द झालेली वेळ पुन्हा देता येते. मात्र सगळ्या सिटिंग ठरलेल्या ४० मिनिटांच्या खाचांतच बसतात म्हणून हे पुरतं. कुणाला मधेच साठ मिनिटं दिलीत तर एकावर एक चढलेल्या वेळा हा इंडेक्स पकडणार नाही.

---

धंतोली_कोडर | सोमवार, रात्री १०:३०

दोन्ही लावलं. दोन फोन हातात घेऊन एकदम बटणं दाबली, एकालाच मिळाली. फ्लाइट मोडमध्ये आता "नेट नाही, क्लिनिकला फोन करा" असं येतं, खाली फोनचं बटण आहे.

पण काउंटरचा टॅब्लेट अजून जुनंच वागतोय. बदल चढवून सहा तास झाले.

---

सावजी_स्टॅक | सोमवार, रात्री १०:४८

ताई ते कधी बंदच करत नाहीत ना? नवीन सर्व्हिस वर्कर आहे का हे ब्राउझर मुख्यतः पान नव्यानं उघडताना बघतो. दिवसभर एकच पान उघडं राहिलं तर तो बघणार कधी? आणि सापडला तरी जुनी खिडकी मिटेपर्यंत नवा रांगेत थांबतो. पानातून तासाला एकदा `registration.update()` करा, `sw.js` मध्ये `self.skipWaiting()` ठेवा, आणि नवा आला की वर पट्टी दाखवा, "नवीन आवृत्ती आली, दाबा." आपोआप पान ताजं करू नका. ताई अर्धं नाव टाइप करत असतील तर शिव्या तुम्हालाच बसतील.

उन्हाळ्यात लाइट गेली की राउटरही जातो, म्हणून काउंटरसाठी उलटा नियम लावा. आजच्या दिवसाची यादी टॅब्लेटमध्ये साठवून ठेवा, फक्त वाचण्यापुरती, आणि वर ठळक लिहा, "११:४२ ची माहिती". ताईंना पुढचा पेशंट कोण ते कळलं पाहिजे. नवीन बुकिंग मात्र नेट आल्यावरच.

---

काउंटर_नंबर_दोन | मंगळवार, सकाळी १०:१५

लाइट गेल्यावर यादी दिसते हे आमच्याकडेही हवं होतं. आम्ही अजून रोज सकाळी प्रिंट काढतो.

---

संत्रा_बर्फी | मंगळवार, दुपारी १२:२०

हे सगळं ठीक आहे भाऊ, पण मॅडमच्या प्ले स्टोअरचं काय? त्याहीले समजावलं का? मालकाची हौस पण असते ना. मी आमच्या हॉलच्या वेळी तिथेच अडकून राहिलो होतो.

---

धंतोली_कोडर | मंगळवार, दुपारी १:०५

नाही समजल्या. हेच पीडब्ल्यूए गुंडाळून प्ले स्टोअरवर टाकता येतं असं वाचलंय. बबलरॅप नावाचं साधन आहे.

---

फुटाळा_फ्लटर | मंगळवार, दुपारी २:३०

येतं. आतून क्रोमच चालतं, फक्त वर पत्त्याची पट्टी दिसत नाही. पण ती दिसू नये म्हणून साइटवर `/.well-known/assetlinks.json` ठेवावं लागतं, त्यात ॲपच्या सहीचा ठसा असतो. सगळे इथेच पडतात. तुम्ही तुमच्या संगणकावरच्या किल्लीचा ठसा टाकता, तुमच्या फोनवर सगळं छान दिसतं. पण स्टोअरवरून देताना गुगल स्वतःच्या किल्लीनं पुन्हा सही करतं. मग स्टोअरवरून घेतलेल्या प्रत्येकाला वर पट्टी दिसते. प्ले कन्सोलमध्ये ॲप सायनिंगच्या पानावरचा ठसा घ्या. दोन्ही ठेवले तरी चालतं.

दुसरं, वैयक्तिक खातं नोव्हेंबर २०२३ च्या मध्यानंतर उघडलेलं असेल तर आधी बंद चाचणी करावी लागते. १२ जण, सलग १४ दिवस. पूर्वी २० जण लागायचे. क्लिनिकमधली माणसं आणि नातेवाईक धरून जमेल. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला डी-यू-एन-एस नंबर, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, लागतो.

ॲपलकडे मात्र नुसती गुंडाळलेली साइट नेऊ नका. ४.२ नियमाखाली परत पाठवतात, ब्राउझरमध्ये दिसतं त्यापेक्षा वेगळं काही द्या म्हणून.

---

सावजी_स्टॅक | मंगळवार, दुपारी ३:००

माझं मत, आत्ता नको. तीन महिने लिंकवर चालवा. स्टोअरवर गेलात की सदर_सलोनची दरवर्षीची कटकट तुमच्या मागे लागते, आणि साठ हजारांत तुम्ही वर्षभराची देखभाल धरली आहे.

---

फुटाळा_फ्लटर | मंगळवार, दुपारी ३:१२

इथे मी सहमत नाही. कोड तोच आहे, गुंडाळायला दोन दिवस लागतील. क्लिनिकचं नाव लोक प्ले स्टोअरमध्येही शोधतात. नाही सापडलं तर दुसऱ्याचं सापडतं.

---

सदर_सलोन | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

माझ्याकडे नवीन गिऱ्हाईक स्टोअरमध्ये शोधून आलेलं मला तरी आठवत नाही. सगळे गुगल मॅपवरून येतात. तिथे बुकिंगची लिंक लावा. हे मी स्वतःच अजून केलेलं नाही, म्हणजे लावायची तर मॅपवर कोणती, जुन्या ॲपची की नव्या साइटची, हेच ठरत नाही.

आणि घाई म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके पाठवू नका. चालानच्या नावानं एपीके येऊन खाती रिकामी झाल्याचं सगळ्यांनी ऐकलंय. माझ्या एका गिऱ्हाइकानं माझाच नंबर ब्लॉक केला होता.

---

धंतोली_कोडर | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:५०

जे झालं ते लिहितो.

पेशंटना लिंक, काउंटरला टॅब्लेटवर आयकॉन. ताईंना पहिले चार दिवस रजिस्टरही भरायला लावलं, पाचव्या दिवशी त्यांनीच बंद केलं. ट्रॅक्शनवर दोघं एकदम आल्याचा प्रकार परत झाला नाही. निम्म्याहून जास्त बुकिंग अजून फोनवरच येतात आणि ताई टॅब्लेटवर टाकतात. काउंटर_नंबर_दोन, तुमचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

आठवणीला संध्याकाळी साडेसहाला हिरवं बटण. एसएमएसचा एक साचा डीएलटीवर परत आला, बदलून पुन्हा टाकलाय. अँड्रॉइडवर पुशला "हो" म्हणणारे बरेच निघाले, पण त्यामुळे न येणारे कमी झाले की व्हॉट्सॲपमुळे, हे मला वेगळं काढता येत नाहीये.

आयफोनचा एक पेशंट भेटला, तरुण मुलगा, धावताना घोटा मुरगळलेला. त्यानं स्वतःहून होम स्क्रीनवर टाकलं. मग मला फोन, "पुन्हा ओटीपी का मागतंय?" सफारीतला साठा आणि आयकॉनमधला साठा वेगळा, त्यामुळे तिथे नव्यानं लॉगिन करावं लागतं. आता आयफोनवर मी आयकॉन सुचवतच नाही.

प्ले स्टोअरचं मॅडमनी सोडलेलं नाही. खातं त्यांच्या नावानं उघडलंय आणि बारा माणसं गोळा करतोय. अकरा झाली.

---

मेडिकल_चौक_काका | शनिवार, रात्री १०:०५

बारावा मला घ्या. पण जागेसाठी आधी नातवाला विचारावं लागेल.